उलटप्रश्न विचारायला समोर कोणीच नसतं तेव्हा

“मी प्रेशरमध्ये शांत राहतो, प्रॉब्लेम नीट समजून घेतो आणि टीमला सोबत घेऊन त्यातून मार्ग काढतो.” थोड्याफार फरकाने हेच वाक्य एका सकाळी मी इतक्या तोंडांतून ऐकलं, की शेवटी कोण बोलतंय हे कळायला स्क्रीनकडे बघावं लागायला लागलं. प्रश्न होता, “ताणाच्या प्रसंगी तुम्ही कसे वागता?” बोलणाऱ्यांचा त्यात काही दोष नव्हता. ज्या प्रश्नाला चांगलं दिसेल असं एकच उत्तर असतं, त्याला सगळे तेच उत्तर देणार. दोष प्रश्न लिहिणारीचा, म्हणजे माझा.

रेकॉर्ड करून पाठवायच्या मुलाखतीत उमेदवाराला एक लिंक येते. मोबाइलवर ती उघडली की स्क्रीनवर प्रश्न दिसतो, विचार करायला अर्धं-एक मिनिट मिळतं, मग कॅमेरा सुरू होतो आणि ठरलेल्या वेळात उत्तर द्यायचं. पलीकडे कोणी नसतं. आम्ही ते उत्तर नंतर बघतो, कधी दुसऱ्या दिवशी, कधी चार दिवसांनी. समोरासमोरच्या मुलाखतीत प्रश्न ढिसाळ असला तरी निभावून जातं, कारण उत्तर हवेत राहिलं की आपण विचारतो, “म्हणजे नेमकं काय केलंत?” तो एक उलटप्रश्न अख्खी मुलाखत सावरतो. इथे ती सोयच नाही. म्हणून इथला प्रश्न लिहिताना उलटप्रश्न आधीच त्याच्या पोटात घालावे लागतात.

काम कोणतं होतं ते आधी सांगते. पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबला होम कलेक्शनसाठी कोऑर्डिनेटर हवे होते. लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घेणारी मुलं सकाळी सहापासून शहरभर फिरत असतात. कोऑर्डिनेटर ऑफिसात बसून त्यांचे स्लॉट लावतो, उशीर झाला की फोन झेलतो, आणि एखादा मुलगा अडकला की दुसऱ्याला वळवतो. अर्ज आलेल्यांपैकी ६४ जणांना लिंक पाठवायची होती.

“ताण कसा हाताळता” हा प्रश्न फेकून दिल्यावर नवा आणायचा कुठून? खुर्चीत बसून सुचत नाही, हे एव्हाना कळलं होतं. त्यासाठी जुनी, साधी पद्धत आहे. जॉन फ्लॅनागन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली ती मांडली. काम करणाऱ्या माणसांना काम कसं असतं ते विचारायचं नाही. एखादा असा प्रसंग विचारायचा, की तिथे कोणाच्या तरी वागण्याने काम साधलं किंवा बिघडलं. मी सकाळच्या शिफ्टला कोऑर्डिनेशन बघणाऱ्या ताईंजवळ तासभर बसले. “काम कसं असतं?” याला त्या म्हणाल्या, “धावपळ असते.” “गेल्या महिन्यातली सगळ्यात वाईट सकाळ सांगा” म्हटल्यावर मात्र पाच मिनिटांत तीन प्रसंग आले. त्यातल्या एकावरून हा प्रश्न बनला:

“सकाळचे सव्वाआठ वाजलेत. कोथरूडला एका आजींचं उपाशीपोटी रक्त घ्यायचं होतं. त्यांना सात ते साडेसातची वेळ दिली होती. आपला मुलगा अजून पोचलेला नाही आणि फोनही उचलत नाहीये. आजींचा मुलगा लाइनवर आहे आणि चिडलेला आहे. पुढच्या पंधरा मिनिटांत तुम्ही काय काय कराल, कोणत्या क्रमाने, आणि आजींच्या मुलाशी नेमकं काय बोलाल? त्याच्याशी बोलल्यासारखंच बोलून दाखवा.”

यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. वेळ, ठिकाण आणि अडचण दिल्यामुळे गुणवर्णनाला जागा उरत नाही. “काय काय” आणि “कोणत्या क्रमाने” हे ते आत घातलेले उलटप्रश्न. “बोलून दाखवा” हा तिसरा, आणि सगळ्यात उपयोगी तोच. “मी त्यांना समजावेन” असं कोणीही म्हणू शकतं. समजावताना तोंडातून नक्की कोणती वाक्यं येतात, ते ऐकलं की माणूस कळतो.

एक गोष्ट प्रश्नात मुद्दाम घातलेली नाही. आजी रात्रीपासून उपाशी आहेत. त्यांना बरं वाटतंय का, हे उमेदवार आपणहून विचारतो का, ते आम्हाला बघायचं होतं. प्रश्नातच “आजींची काळजी कशी घ्याल?” असं टाकलं असतं, तर सगळ्यांनीच घेतली असती. पण याला मर्यादा आहे. मार्क ज्याचे द्यायचे त्यातला बहुतेक भाग प्रश्नात उघड विचारलेला असायला हवा. राखून ठेवायची तर एखादीच गोष्ट. नाहीतर उमेदवाराला मनकवडेपणाचे मार्क दिल्यासारखं होतं.

आम्ही बारा प्रश्न लिहिले आणि शेवटी तीनच ठेवले. कारण अगदी साधं आहे, बघणाऱ्याचा वेळ. ६४ जण, प्रत्येकी तीन उत्तरं, म्हणजे १९२ क्लिपा. प्रत्येक उत्तराला दोन मिनिटांची मर्यादा, वर टिपण आणि मार्कांसाठी एक मिनिट. एका माणसाचे साडेनऊ तासांहून जास्त होतात, आणि प्रत्येक क्लिप दोघांनी बघायची होती. प्रश्न सहा केले, तर शेवटच्या दिवशी बघणारा दुप्पट वेगाने क्लिपा पळवतो, आणि कोणाची क्लिप पळवली गेली ते कोणालाच कळत नाही. तीन प्रश्न नीट बघितले तर सहा अर्धवट बघितल्यापेक्षा जास्त कळतं.

विचाराला एक मिनिट दिलं, कारण वरचा प्रश्न वाचायलाच पंधरा-वीस सेकंद जातात. पुन्हा रेकॉर्ड करायची संधी एकदाच ठेवली. एकही दिली नाही तर कुकरची शिट्टी झाली म्हणून चांगला माणूस गडबडतो. हव्या तितक्या दिल्या तर ज्याच्याकडे मोकळी दुपार आणि स्वतंत्र खोली आहे तो दहाव्या वेळी गुळगुळीत उत्तर पाठवतो, आणि दोन शिफ्टच्या मधल्या वेळात बसस्टॉपवरून उत्तर देणारा मागे पडतो. पहिल्या प्रश्नाआधी मार्क नसलेला एक सरावाचा प्रश्नही ठेवला, “आज सकाळी नाश्त्याला काय खाल्लंत?” कॅमेरा आणि माइक चालू आहेत का ते तिथेच कळतं.

लिंक पाठवायच्या आधी तिन्ही प्रश्न लॅबमधल्याच तिघांना दिले. दोन अनुभवी आणि सगळ्यांच्या पसंतीचे, एक नवा. हिशेब साधा आहे. रोज हे काम उत्तम करणाऱ्या माणसालाच उत्तर जमत नसेल, तर प्रश्न चुकलाय. आमचा एक प्रश्न तिथेच पडला आणि बदलावा लागला. त्यात इतके फाटे होते, की ताईंसारखी ताई दोन मिनिटांत निम्म्यापर्यंतच पोचली.

आता मार्कांकडे. एकही क्लिप उघडायच्या आधी, कसल्या उत्तराला किती मार्क हे लिहून ठेवायचं असतं, आणि ते “उत्तम, बरं, वाईट” अशा शब्दांत नाही, उत्तरात काय ऐकू येईल त्या शब्दांत. ही कल्पनाही जुनी आहे. पॅट्रिशिया स्मिथ आणि लॉर्न केंडॉल यांनी १९६३ साली नर्सांच्या कामाचं मूल्यमापन करताना ती वापरली. मोजपट्टीच्या पायऱ्यांवर विशेषणांऐवजी वागण्याची उदाहरणं, आणि ती उदाहरणं देणाऱ्या प्रत्यक्ष वॉर्डातल्या मुख्य नर्स.

आमची पट्टी एक ते पाच. एक, तीन आणि पाचला वर्णन लिहिलेलं, दोन आणि चार मधल्यांसाठी. आजींच्या प्रश्नाला पाच मार्क कधी? उमेदवार आजींची तब्येत विचारतो, पर्यायी माणूस शोधण्याचं एखादं ठोस पाऊल सांगतो, परत फोन कधी करणार ती वेळ सांगून तिला बांधला जातो, आणि माणूस मिळाला नाही तर काय, हेही स्वच्छ सांगतो. तीन कधी? पर्याय शोधतो, माफी मागतो, पण वेळ सांगत नाही, “लवकरात लवकर” यावर भागवतो. एक कधी? न पोचलेल्या आपल्या मुलालाच फोन लावत बसतो, किंवा सगळं वरिष्ठांवर ढकलतो, किंवा नुसते स्वतःचे गुण सांगतो.

यात आमचीही एक चूक होती. पहिल्या खर्ड्यात पाच मार्कांसाठी आणखी एक अट होती. आजींना मधुमेह असेल, घाम येत असेल, हात थरथरत असतील, तर साखर घसरलेली असू शकते हे ओळखून त्यांना लगेच काही गोड खायला सांगणं. अट बरोबर आहे, जीव वाचवणारी आहे. पण ती येणार कोणाला? ज्याने आधी हॉस्पिटलात किंवा लॅबमध्ये काम केलंय त्याला. आणि हीच गोष्ट लॅब प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवते. जे आपण शिकवणारच आहोत त्याचे मार्क आधीच कापले, तर आपण जुना अनुभव मोजतोय आणि त्याला हुशारी म्हणतोय. अट काढली, “तब्येत विचारतो” एवढंच ठेवलं.

क्लिपा बघायला बसलो तेव्हा पहिला नियम असा, की एका उमेदवाराची तिन्ही उत्तरं सलग बघायची नाहीत. आधी सगळ्यांचं पहिल्या प्रश्नाचं उत्तर, मग सगळ्यांचं दुसऱ्याचं. बहुतेक लोक याच्या उलट करतात, कारण सॉफ्टवेअर उमेदवाराच्या नावावर टिचकी मारली की तिन्ही क्लिपा एकाखाली एक दाखवतं. मग पहिलं उत्तर आवडलं की दुसऱ्यात आपण त्याला सांभाळून घेतो आणि तिसरं तर अर्धवटच ऐकतो. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले शेरे तपासले होते. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व या वेगवेगळ्या गोष्टींचे मार्क एकमेकांशी वाजवीपेक्षा फारच जुळत होते. एकूण मत चांगलं, की सगळंच चांगलं. प्रश्नाप्रमाणे बघितलं की हा रंग एका उत्तरावरून दुसऱ्यावर कमी उतरतो, आणि पट्टीही एकच डोक्यात राहते. समोरासमोरच्या मुलाखतीत हे करताच येत नाही. रेकॉर्डिंगचा हा खरा फायदा, आणि तोच लोक वापरत नाहीत.

प्रत्येक प्रश्नाला क्रमही बदलून घेतला. एखादं झकास उत्तर ऐकल्यावर पुढचं साधं उत्तर पडेल वाटतं, रद्दड उत्तरानंतर तेच साधं उत्तर बरं वाटतं. क्रम तोच ठेवला तर एक बिचारा तिन्ही वेळा त्या झकास माणसाच्या मागे येतो. शिवाय एका बैठकीत वीस-पंचवीस क्लिपांच्या वर जायचं नाही. त्यापुढे कान बंद होतात आणि सगळ्यांना तीन मार्क पडायला लागतात.

बघणारे दोघं, मी आणि सकाळच्या शिफ्टच्या त्याच ताई. सगळ्या क्लिपा सुरू करायच्या आधी सहा क्लिपा दोघींनी वेगवेगळ्या बसून तपासल्या आणि मग कागद शेजारी ठेवले. त्यातल्या दोन उत्तरांवरून आमचं चांगलंच वाजलं. उमेदवारांची नावं झाकलेली होती, फक्त क्रमांक होते.

सतरा क्रमांकाचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट, मागे पुस्तकांचं कपाट, आवाज खणखणीत: “सर्वप्रथम मी कस्टमरला एम्पथी दाखवेन. आमची टीम यावर काम करत आहे हे त्यांना समजावून सांगेन. मग इंटर्नली को-ऑर्डिनेट करून लवकरात लवकर इश्यू रिझॉल्व्ह करेन आणि प्रॉपर फॉलोअप घेईन.”

बेचाळीस क्रमांकाची मुलगी, मागे पत्र्याची भिंत, मध्येच अडखळणारी: “आधी… म्हंजे मी त्यांना इचारंन, आजी कशा हायत, चक्कर-बिक्कर तर येत नाही ना. मग म्हणंन, दादा, मला धा मिनटं द्या, आठ पंचवीसला मीच फोन लावते. तवर कोथरूडात दुसरं कोण हाय ते बघते. कोण नसंल तर… तर खरं सांगते तुम्हाला, आज नाही जमणार, आजींना खाऊन घेऊ द्या, उद्या पहिला नंबर तुमचा.”

मी सतराला चार दिले होते आणि बेचाळीसला दोन. ताईंनी सतराला दोन आणि बेचाळीसला पाच. ताई म्हणाल्या, “मॅडम, त्या मुलाने नक्की काय केलं, ते सांगा ना.” मी क्लिप पुन्हा लावली. दाखवेन, सांगेन, करेन, घेईन. पण कोणाला फोन, किती वाजता, काय शब्दांत? काहीच नाही. पट्टी मीच लिहिली होती आणि पहिल्याच क्लिपला ती बाजूला ठेवून मी शर्टाला आणि उच्चारांना मार्क दिले होते. मुलीने पट्टीवरच्या चारही गोष्टी सांगितल्या होत्या. मला ऐकू आले होते ते फक्त “इचारंन” आणि “हायत”.

तिथून दोन नियम झाले. मार्क लिहायच्या आधी उमेदवाराचे शब्द लिहायचे, निदान एक ओळ. “आत्मविश्वास छान” हे टिपण चालणार नाही, “८.२५ला फोन करते म्हणाली” हे चालेल. आणि कोण, काय, कधी यांतलं काहीच उत्तरात नसेल, तर वाक्यं कितीही सुबक असली तरी दोनच्या वर जायचं नाही.

बोलणं स्वच्छ असण्याला महत्त्वच नाही का? आहे, हे फोनवरचं काम आहे. म्हणून त्याचा वेगळा रकाना केला आणि तिथे एकच गोष्ट विचारली, फोनवर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पुन्हा विचारावं न लागता कळेल का? बोली कोणती, इंग्रजी किती, याचा त्यात संबंध नाही. वेगळा रकाना नसला की बोलण्याचे मार्क गुपचूप प्रत्येक प्रश्नात शिरतात आणि एकाच गोष्टीचे तीनदा मोजले जातात. बेचाळीसला त्या रकान्यात चार मिळाले. अडखळली होती, पण कळत सगळं होतं.

सुधारलेल्या पट्टीने आणखी सहा क्लिपा तपासल्या, मग बाकीच्या. दोघींच्या मार्कांत एकाचा फरक असला तर सरासरी घेतली. दोन किंवा जास्त असला तर सरासरी घ्यायची नाही, क्लिप पुन्हा एकत्र बघायची. एकीने एक दिला आणि दुसरीने पाच, त्याचे तीन केले तर ते मत दोघींपैकी कोणाचंच नसतं. पुन्हा बघताना मात्र आधी दोघींनी टिपलेले शब्द वाचायचे. बहुतेक वेळा एकीने काहीतरी ऐकलेलंच नसतं, आणि वाद तिथेच मिटतो.

मिटत नाही तेव्हा गडबड बहुधा प्रश्नात असते. आमचे मोठे फरक जवळजवळ सगळे तिसऱ्या प्रश्नावर गोळा झाले होते. त्यात दोन घरं आणि एकच मुलगा होता, एकीकडे ऑपरेशनच्या आधीची तपासणी, दुसरीकडे दोनदा स्लॉट चुकलेलं जुनं गिऱ्हाईक. मुलाला आधी कुठे पाठवाल? ताई “ऑपरेशन” म्हणणाऱ्यांना मार्क देत होत्या, मी कारण नीट देणाऱ्यांना, मग निवड काहीही असो. पट्टीत मार्क निवडीचे की कारणाचे हे लिहायचंच राहून गेलं होतं. आम्ही कारणाचे ठरवले आणि त्या प्रश्नाच्या सगळ्या ६४ क्लिपा पुन्हा तपासल्या. फक्त वादाच्या तेवढ्या तपासून भागलं नसतं, कारण मग काहींचे मार्क जुन्या पट्टीने लागले असते आणि काहींचे नव्या.

याच्या उलटाही एक रोग आहे, आणि तो लक्षात येत नाही. दोघींचे मार्क अगदी जुळतात, कारण सगळ्यांनाच तीन किंवा चार मिळालेत. जुळणी बघून बरं वाटतं, पण असा प्रश्न माणसामाणसांत फरकच दाखवत नाही. मार्कांची यादी उतरत्या क्रमाने लावून बघितली की तो लगेच दिसतो. पुढच्या भरतीत तो बदलायचा.

काही गोष्टी क्लिपेतून कळतच नाहीत. पहाटे साडेपाचला घरातून निघणं जमेल का, हे दोन मिनिटांच्या उत्तरातून कोणी शोधू नये, ते फोनवर सरळ विचारावं. रेकॉर्डिंग तुटलं, आवाज गेला, तर मार्क कापायचे नाहीत, नवी लिंक द्यायची. तोतरेपणामुळे किंवा आणखी कशामुळे कॅमेऱ्यासमोर घड्याळ लावून बोलणं ज्याला अवघड आहे, त्याला तेच प्रश्न फोनवर विचारायचे आणि त्याच पट्टीने मार्क द्यायचे. ही सोय आहे हे लिंकच्या मेसेजमध्येच लिहिलेलं हवं, मागायला लावू नये. क्लिपा कोण बघणार आणि कधी पुसणार, हेही तिथेच लिहायचं. आणि प्रश्न फुटतात. पाच दिवस लिंक उघडी ठेवली तर तिसऱ्या दिवशी प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. आम्ही मुदत ४८ तासांवर आणली. दर वेळी नवा प्रश्न देणं हा उपाय दिसायला सोपा आहे, पण मग दोन उमेदवारांची तुलना करायला एकच माप उरत नाही.

सतरा क्रमांकाच्या मुलाने निकालानंतर फोन केला. निवड का झाली नाही, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. एरवी अशा फोनला मी “स्पर्धा फार होती” असं काहीतरी म्हणून सुटका करून घ्यायचे. त्या दिवशी समोर टिपण होतं. मी म्हटलं, “पहिल्या उत्तरात तुम्ही फॉलोअप घेईन म्हणालात. कोणाला, किती वाजता, ते नव्हतं.” तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, “हो मॅडम, ते नव्हतंच.”